आयन पाठ करताना: छोटीला पत्र

प्रिय छोटी,

मूलकांची यादी तू वरून खाली घडाघडा म्हणतेस, पण मध्येच ‘सल्फाइट’ विचारलं की मनात पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतेस. म्हणजे तुला यादीचा क्रम पाठ झालाय, आयन नाही. आणि पेपरात प्रश्न क्रमाने येत नाहीत. म्हणून ती यादी थोडे दिवस बाजूला ठेव आणि आधी आवर्तसारणीचे उभे गण पक्के कर, कारण निम्मे आयन तिथूनच निघतात.

पहिल्या गणासाठी मी ‘लिंबू, नारळ, केळी, रबडी, सीताफळ, फणस’ असं म्हणायचो: Li, Na, K, Rb, Cs, Fr. दुसऱ्यासाठी ‘बी मुगाचं, कापसाची सरी, बाजरीचं रान’: Be, Mg, Ca, Sr, Ba, Ra. तुला दुसरं काही सुचलं तर तेच घे, स्वतः जुळवलेलं जास्त टिकतं. हॅलोजनला असल्या ओळीची गरजच नाही; फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन हे आपोआप तोंडात बसतं.

पण या ओळी फक्त क्रम सांगतात, प्रभार सांगत नाहीत. प्रभार गणाच्या क्रमांकावरून काढायचा. गण १ चे धातू एक इलेक्ट्रॉन देतात, म्हणून +१. गण २ चे +२. गण १३ मधलं ॲल्युमिनियम +३. उजवीकडच्या अधातूंसाठी गणाच्या क्रमांकातून १८ वजा कर. क्लोरिन १७ व्या गणात, म्हणून −१. ऑक्सिजन १६ व्या, म्हणून −२. नायट्रोजन १५ व्या, म्हणून −३. हे सगळे अठराव्या गणातल्या वायूंसारखी इलेक्ट्रॉनची मांडणी गाठायला बघतात, म्हणून ही वजाबाकी जमते. मधल्या धातूंना मात्र हा नियम लावू नकोस. Ag⁺, Zn²⁺, तांब्याचे Cu⁺ आणि Cu²⁺, लोखंडाचे Fe²⁺ आणि Fe³⁺ हे सरळ पाठच करावे लागतात.

आता संमिश्र मूलकं. इथेच सगळ्यांची गडबड होते. ‘एट’ने संपणारी चारच आधी घे आणि ती आवर्तसारणीतल्या जागेवर बघ. दुसऱ्या ओळीतले कार्बन आणि नायट्रोजन तीन ऑक्सिजन घेतात: CO₃²⁻, NO₃⁻. तिसऱ्या ओळीतले फॉस्फरस आणि सल्फर चार घेतात: PO₄³⁻, SO₄²⁻. दोन्ही ओळींत उजवीकडून डावीकडे आलीस की ऋण प्रभार एकाने वाढतो. क्लोरेट मात्र या चौकटीत बसत नाही, ते ClO₃⁻ म्हणून वेगळं लक्षात ठेव. अमोनियम NH₄⁺ आणि हायड्रॉक्साइड OH⁻ हीसुद्धा पाठच.

‘एट’चं ‘आइट’ झालं की एक ऑक्सिजन कमी होतो, प्रभार तोच राहतो. नायट्रेट NO₃⁻, तर नायट्राइट NO₂⁻. सल्फेट SO₄²⁻, तर सल्फाइट SO₃²⁻. प्रभार लिहायला विसरलीस तर SO₃ हा साधा रेणू होतो, तो आयन राहत नाही, आणि मार्क जातात. म्हणून सराव करतानाही प्रभाराशिवाय लिहिलेलं उत्तर चूकच धर.

हायड्रोजन जोडला की ऋण प्रभार एकाने घटतो, हा शेवटचा नियम. तो आपल्या शेतातल्या खताच्या पोत्यावरच बघ. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. नाव वाचून बरेच जण (NH₄)₂PO₄ लिहितात. ताळा करून पाहा: दोन अमोनियमचे मिळून +२, फॉस्फेटचे −३, म्हणजे −१ उरतो. संयुगावर प्रभार उरता कामा नये. मग तिसरं अमोनियम घालावं का? नाही, नावातच ‘डाय’ म्हणजे दोन आहे. उरलेली जागा एक H⁺ भरून काढतो. फॉस्फेटचं हायड्रोजन फॉस्फेट होतं, HPO₄²⁻, आणि खरं सूत्र येतं (NH₄)₂HPO₄. याच नियमाने कार्बोनेटपासून HCO₃⁻ मिळतो, तो आपल्या बोअरच्या जड पाण्यात असतो. ते पाणी उकळलं की भांड्याला पांढरा थर धरतो, तो मुख्यतः CaCO₃ चा.

रोज झोपायच्या आधी कोऱ्या कागदावर गण १, २, १३, १५, १६, १७ चे रकाने आठवून भर, मग पुस्तक उघडून तपास. संमिश्र मूलकांच्या चिठ्ठ्या कर, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला सूत्र. चिठ्ठ्या पिसून घे आणि दोन्ही बाजूंनी विचार, कारण नावावरून सूत्र येणाऱ्याला सूत्रावरून नाव येतंच असं नाही. जी चिठ्ठी चुकेल तीच फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा काढ.

आणि एक गणित देतो. तुरटीत पोटॅशियम एक, ॲल्युमिनियम एक आणि बाकी सल्फेट, शिवाय पाण्याचे बारा रेणू. सल्फेट किती लागतील ते प्रभारावरून काढ आणि सूत्र वहीत लिहून मला फोटो पाठव.

तुझा,
दादा