एकोणसाठ की एकोणसत्तर

प्रश्न: स्क्रीनशॉट जोडलाय. त्यातल्या १० नंबरच्या ॲरेत ४२ शोधायचाय, बायनरी सर्चचा ट्रेस करून द्या. बबल सॉर्टचा दिलात तरी चालेल.

स्क्रीनशॉट आलेला नाही. आणि मनाने दहा नंबर घेऊन मी ट्रेस लिहून देणार नाही. इतका तुसडेपणा का, ते सांगतो.

२०१४ साली डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. गणपतीला गावी आलेलो, परत गेल्या गेल्या जर्नल सबमिट करायचं होतं. रूममेटने ॲरेचा फोटो पाठवला, पण माझ्याकडे नुसता धुरकट चौकोन आणि मध्ये फिरणारं चक्र. शेवटी गच्चीच्या कोपऱ्यात रेंज शोधून त्याला फोन लावला. त्याने घाईघाईत पाच नंबर वाचले. खाली आरती चाललेली. तो म्हणाला एकोणसत्तर, मी लिहिलं ५९.

खरा ॲरे आणि माझा ॲरे, बबल सॉर्टच्या पहिल्या पासनंतर:

```
61 34 69 18 27  ->  34 61 18 27 69   (3 swaps)
61 34 59 18 27  ->  34 59 18 27 61   (4 swaps)
```

खऱ्या ॲरेत ६१ च्या पुढे ६९ आहे, म्हणजे जोडी आधीच बरोबर. माझ्याकडे तिथे ५९, त्यामुळे एक स्वॅप जास्त. शेवटी एकूण स्वॅप सातऐवजी आठ झाले आणि प्रत्येक पासची ओळ चुकली. तुलना मात्र दोन्हीकडे दहाच, ४+३+२+१. त्या नंबरांवर नाही, किती नंबर आहेत त्यावर ठरतात. स्वॅप ठरतात ते किती जोड्या उलट्या आहेत त्यावर, आणि ते नंबर बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

पुढचा प्रश्न होता, सॉर्ट केलेल्या ॲरेत २७ शोधा. आधी मधला ३४, मग १८, मग २७. तीन तुलना. हे पूर्ण बरोबर आलं, कारण ५९ असो की ६९, ती जागा सर्चने पाहिलीच नाही. सरांनी बबल सॉर्टवर लाल पेनने "आकडे कुठून आणले?" लिहिलं आणि बायनरी सर्चला पूर्ण मार्क दिले.

रूममेट आजही भेटला की म्हणतो, "सर्च बरोबर आला ना, मग मी वाचलं ते बरोबरच होतं, तुझे कान तपास." अरे बाबा, तो नशिबाचा भाग. मी चौतीसचं चोवीस ऐकलं असतं तर?

```
18 24 27 61 69
```

मधोमध २७, पहिल्याच तुलनेत सापडला, ट्रेस एका ओळीत खलास आणि उत्तर चूक. म्हणून नंबर फोनवर सांगताना अंक सुटे सांगायचे, "सहा नऊ". हे त्याला बारा वर्षं पटत नाहीये.

आता तुमचं. नंबर दहा आहेत एवढं कळलं तरी बायनरी सर्चचा सांगाडा तयार होतो. इंडेक्स ० पासून धरून `mid = (low + high) / 2`, अपूर्णांक सोडून द्यायचा:

```
4
1 | 7
0, 2 | 5, 8
3 | 6, 9
```

पहिली तुलना इंडेक्स ४ शी होणारच. तिथली किंमत ४२ पेक्षा मोठी असेल तर पुढे १, लहान असेल तर ७. एकवर आल्यावर डावीकडे ०, उजवीकडे २. सातवर आल्यावर तसंच ५ किंवा ८. खालच्या ओळीत २ च्या उजवीकडे ३, ५ च्या उजवीकडे ६, ८ च्या उजवीकडे ९. चारपेक्षा जास्त तुलना लागत नाहीत. स्क्रीनशॉट समोर ठेवून त्या त्या जागेची किंमत भरत जा.

आणि "बबल सॉर्टचा दिलात तरी चालेल" हे काही चालत नाही. एक शोधतो, दुसरा लावतो. ॲरे चढत्या क्रमाने लावलेला नसेल तर बायनरी सर्च लागूच पडत नाही, ४२ समोर असूनही "नाही" म्हणू शकेल. आधी सॉर्ट करून मग शोधलंत तर इंडेक्स नव्या ॲरेतला येईल. पेपरला मूळ जागा हवी असेल तर तो चूक धरला जाईल. हे मास्तरांना विचारा.

तुमच्या पुस्तकात इंडेक्स १ पासून असेल तर वरचे सगळे आकडे एकाने वाढवा: १ ते १० मध्ये मधला ५ येतो, आणि पुढेही सगळीकडे असंच एकाने सरकतं. बबल सॉर्टमध्ये "एका पासमध्ये स्वॅप नाही तर थांब" अशी अट असेल तर दहा नंबरांच्या ४५ तुलना लागतीलच असं नाही. आधीच लावलेल्या ॲरेवर तो नऊ तुलनांत थांबतो. आणि ४२ दोनदा असेल तर पहिलाच सापडेल असं धरू नका.

नंबर टाइप करून टाका. फोटो नको.