५६ चिंचोके गावात, ११२ फडावर

प्रश्न: मी नवीन आशा आहे. आमच्या गावातले टीबीचे पेशंट दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या सोडतात. दिवाळीनंतर तर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. बैठकीत 'कोर्स पूर्ण करा' म्हटलं की सगळे माना डोलावतात, पण करत कुणीच नाही. त्यांना पटेल असं काय सांगू?

ताई, मी बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात आरोग्यसेवक आहे. आमचीही हीच रड. सुरुवातीला मी चार्ट लावून जंतूंची चित्रं दाखवायचो, लोक चहाची वाट बघत बसायचे. आता चार्ट नेत नाही. पिशवीत १६८ चिंचोके घेऊन जातो. टोळ्या हलायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास बैठक घेतो. तिथं जे बोलतो ते जसंच्या तसं लिहितो, तुमच्या गावच्या बोलीत फिरवून घ्या.

आधी सगळे चिंचोके सतरंजीवर ओततो आणि एखाद्या आजीला त्यातले ५६ मोजून बाजूला काढायला लावतो. मोजणं होईपर्यंत लोक आपोआप गप्प होतात. मग म्हणतो:

"आजी, हा बारका ढीग म्हणजे पहिले दोन महिने. रोज एक चिंचोका, म्हणजे एका दिवसाच्या गोळ्या. या ढिगात काय होतं? ताप जातो, खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. माणूस म्हणतो, झालो बरा. आणि हा मोठा ढीग, ११२ चा? यात काहीच होत नाही! खोकला आधीच गेलाय, ताप आधीच गेलाय. चार महिने नुसत्या गोळ्या गिळायच्या. मग माणसाला वाटतं, हा ढीग कशाला?

"आता मला सांगा, उसाचा फड तोडून झाला की रान कसं दिसतं? मोकळं. आरपार दिसतं. पाचट पेटवलं तर काळंभोर. मग पुढच्या साली त्याच रानात ऊस कुठून येतो? कुणी बेणं लावलं?"

इथं कुणीतरी म्हणतंच, "खोडवा फुटतो की."

"बरोबर. जमिनीच्या वर काही दिसत नाही, पण बुडखा जिता असतो. टीबीचं तसंच आहे. छातीत दोन जातीचे जंतू असतात असं समजा. एक जागे, एक झोपलेले. जागे जंतू वाढतात, खोकला-ताप तेच आणतात. गोळी जाग्याला पटकन मारते, म्हणून दोन महिन्यांत आराम पडतो. झोपलेला जंतू खात नाही, वाढत नाही, म्हणून औषध त्याला लागतच नाही म्हणा ना. तो कधी उठेल? आज उठेल, पंधरा दिवसांनी उठेल, तिसऱ्या महिन्यात उठेल. तो ज्या दिवशी कूस बदलेल त्या दिवशी गोळी रक्तात पाहिजे. म्हणून रोज. म्हणून सहा महिने. पहिल्या ढिगानं ऊस तोडला, दुसऱ्या ढिगानं बुडखे काढायचे."

ताई, इथं थोडं थांबा. हा भाग डोक्यात बसला की बैठकीचं अर्धं काम झालं.

यानंतर एक गोष्ट मुद्दाम सांगायची, कारण खरी गडबड इथंच होते. दोन महिने झाले की बेडका तपासतात आणि गोळीची पट्टी बदलते. पहिल्या पट्टीतल्या गोळीत चार औषधं असतात, नंतरच्या पट्टीतल्या गोळीत तीन, पायराझिनामाइड निघतं. पेशंटला वाटतं, डॉक्टरांनी औषध कमी केलं, म्हणजे आजार संपला. कुणी त्याला समजावत नाही, आणि तोही विचारत नाही. त्यातून तपासणीचा कागद 'जंतू दिसले नाहीत' असा आला की विषयच संपला. मी सांगतो, "बेडक्यात जंतू नाहीत म्हणजे रान मोकळं दिसतंय, एवढंच."

दुसरी गडबड जुन्या पेशंटची. बैठकीत एखादे आबा उठतात आणि म्हणतात, "मी एक दिवसाआड गोळ्या खाऊन बरा झालो, तुम्ही रोजच्या का म्हणता?" आबा खोटं बोलत नाहीत. पूर्वी सरकारी औषध आठवड्यातून तीनदाच असायचं. ऑक्टोबर २०१७ पासून देशभर रोजचं झालं. पूर्वीचा डोसही वेगळा होता. आजची पट्टी एक दिवसाआड घेतली तर ती आबांची ट्रीटमेंट होत नाही, अर्धी ट्रीटमेंट होते. आबांना बैठकीत खोटं पाडू नका. हे सांगा आणि त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

आता 'बिघडलेली टीबी'. एमडीआर वगैरे शब्द मी वापरत नाही. म्हणतो:

"बीटी कपाशी नवी होती तेव्हा तिच्या बोंडात अळी टिकत होती का? नव्हती. मग २०१७ ला काय झालं? बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बीटी तीच, मग अळी मरेना का? कारण दरवर्षी लाखात एखादी दणकट अळी वाचत गेली, तिचीच पिल्लं वाढली. छातीतल्या जंतूंतही असे काही दणकट असतात. म्हणून एका गोळीत चार औषधं घातलीत: एकातून निसटला तर दुसरं धरतं. पण आठ दिवस घेतल्या, दहा दिवस सोडल्या, खोकला आला की परत घेतल्या, असं केलं की दरवेळी नाजूक मरतात आणि मधल्या सुट्टीत दणकट वाढतात. शेवटी सगळं शिवार त्यांचंच."

तुमच्यापुरतं एक स्पष्ट करतो, बैठकीत एवढं फोडून सांगायची गरज नाही. गोळ्या एकदम सोडल्या तर बहुतेक वेळा तीच टीबी परत येते आणि त्याच औषधांना दबते. औषधाला न जुमानणारी टीबी जास्त करून आज घेतली, उद्या नाही, अशा धरसोडीतून तयार होते. म्हणून महिनाभर न दिसलेल्या पेशंटइतकंच लक्ष 'अधूनमधून घेतो' म्हणणाऱ्याकडे ठेवा. तो वहीत नियमित दिसतो, आणि घात तिथंच होतो.

माझाच एक पेशंट सांगतो. नाव-गाव नको. तिशीतला गडी, सप्टेंबरच्या सुरुवातीला औषध सुरू झालं तेव्हा वजन ४३ किलो. त्या वजनाला रोज तीन गोळ्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ४७ किलो भरला, बेडका साफ. मी पाठ थोपटली. आठवड्यानं कोयता घेऊन बायकोसोबत पश्चिम महाराष्ट्रात गेला. पट्ट्या सोबत होत्या. फडावर पहाटे चारला उठायचं, उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळ. मळमळत मोळ्या उचलायच्या कशा? शिवाय मुकादमाला कळलं तर टोळीतून काढेल आणि उचल परत मागेल, ही भीती. मग लपवून, खोकला आला त्या दिवशीच घ्यायला लागला. एप्रिलमध्ये परत आला तो ४१ किलोचा. घरी उरलेल्या पट्ट्या परत सुरू करूनच माझ्याकडे आला. बेडका मशीनवर लावला, तर रिफाम्पिसिन लागू होत नाही असं निघालं. रिफाम्पिसिन म्हणजे या सगळ्या औषधांचा कणा. पुढं दीड वर्षाच्या वर औषध खाल्लं तेव्हा बरा झाला, दोन हंगाम बुडाले. आता अशा बऱ्याच पेशंटांना सहा महिन्यांचं नवं औषध मिळतं, पण त्यात सारखं रक्त तपासावं लागतं, ईसीजी काढावा लागतो, पायाला मुंग्या येतात.

चूक त्याची एकट्याची म्हणवत नाही. मळमळीवर उपाय होता, तो मी त्याला सांगितलाच नव्हता: थोडं खाऊन घे, पहाटे जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्रीची वेळ लाव, पण रोज तीच. आणि मुकादमाबद्दलही आता बैठकीत उघड बोलतो: "रोज नीट औषध घेणाऱ्याकडून दोन-तीन आठवड्यांनंतर दुसऱ्याला लागण्याची शक्यता फार कमी होते. धोका आहे तो लपवून सोडणाऱ्याचा." मुकादम गावातलाच असतो, त्यालाही पुढं बसवा.

गोळ्यांच्या त्रासाबद्दल दोनच गोष्टी पक्क्या करून घ्या. लघवी केशरी-लाल होते, तो औषधाचा रंग आहे, भ्यायचं नाही. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, किंवा धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, गोळी थांबवायची की चालू ठेवायची ते तिथं ठरेल. पिवळे डोळे म्हणजे लिव्हरवर ताण, आणि दारू पिणाऱ्यात तो लवकर येतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. तो चिंचोका ढिगाच्या शेवटी जातो, म्हणजे १६८ दिवस भरेपर्यंत औषध चालतं. आणि महिनाभर खंड पडलाच तर उरलेल्या पट्ट्या आपल्या मनानं सुरू करायच्या नाहीत, आधी बेडका मशीनवर.

ऊसतोडीला जाणाऱ्याचा निक्षय नंबर कागदावर लिहून त्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्या पिशवीत द्या. त्या नंबरावर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून पुढच्या पट्ट्या मिळतात, फक्त तुमच्या टीबी सुपरवायझरकडून बदली आधी टाकून घ्या, नाहीतर तिथले लोक 'तुमचं नाव इथं नाही' म्हणतात. जाताना महिन्याचं औषध हातात द्या. पोषणाचे महिन्याला हजार रुपये नोव्हेंबर २०२४ पासून झालेत, पण ते कधी वेळेवर येतात, कधी लटकतात. त्या पैशाच्या नावावर गोळ्या खायला लावू नका, पैसे अडकले की गोळ्याही अडकतात.

मी फडावर गेलेल्यांना दर सोमवारी रात्री आठनंतर फोन करतो. 'बरा आहेस का' विचारत नाही, कारण बरा असतोच. विचारतो, 'किती राहिले?' चिंचोके डब्यात घालून दिलेले असतात. बऱ्याचदा फोन त्याची पोरगी उचलते आणि मोजून आकडा सांगते.