अकरा आकड्यांची सरासरी मागितली आहे, 9 द्यायची की 5 की 3?

प्रश्न: साहेबांनी तक्रारी मिटायला किती दिवस लागले त्याची सरासरी मागितली आहे. आकडे असे आहेत: 5, 3, 42, 7, 3, 2, 19, 6, 3, 4, 5. एक्सेलमध्ये AVERAGE लावलं तर 9 येतं, MEDIAN लावलं तर 5, आणि MODE लावलं तर 3. यातली खरी सरासरी कोणती?

उत्तर:

नुसतं ‘सरासरी’ म्हटलं की समोरचा बेरीज भागिले संख्या असंच धरतो. म्हणजे मध्य, तुमच्याकडे 99 भागिले 11, बरोबर 9. त्यामुळे दुसरा कुठलाही आकडा द्यायचा असेल तर त्याचं नाव सोबत लिहावंच लागेल. पण तेवढ्यावर 9 पाठवून मोकळे होऊ नका. आधी आकडे चढत्या क्रमाने लावून बघा:

2, 3, 3, 3, 4, 5, 5, 6, 7, 19, 42

अकरापैकी नऊ तक्रारी 9 दिवसांच्या आत मिटल्या आहेत. नऊ दिवस लागलेली तक्रार एकही नाही. सात दिवसांनंतर थेट एकोणीस. ‘साधारण नऊ दिवस लागतात’ असं वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहील, तसं इथे काहीच घडलेलं नाही. मध्यक 5 आहे, म्हणजे बरोबर मधला, सहावा आकडा. शेवटचा 42 खोडून तिथे 420 लिहा: मध्य 9 वरून 43 च्या पुढे जातो, मध्यक मात्र 5 वरच राहतो, कारण शेवटचा आकडा किती मोठा आहे हे त्याला बघायचंच नसतं, तो मधल्याच्या पलीकडे आहे एवढं पुरतं. मध्य आणि मध्यक यांच्यात एवढी तफावत दिसली की मी आधी टोकाचा आकडा मूळ नोंदीशी ताडून बघते. 42 खरंच 42 आहे, की 24 चं उलटं टाइप झालंय? हे नक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समजा 42 बरोबर आहे. मग साहेबांना एकच विचारा: हा आकडा कशासाठी लागणार आहे?

हाताखाली किती माणसं लागतील याचा हिशोब करायचा असेल, तर 9 च हवा. हे अनेकांना पटत नाही, म्हणून सविस्तर सांगते. समजा रोज एक नवी तक्रार येते आणि प्रत्येक तक्रार सरासरी नऊ दिवस उघडी राहते. मग कुठल्याही दिवशी टेबलावर साधारण नऊ तक्रारी उघड्या असतात. लांबलेली 42 दिवसांची तक्रार त्या बेचाळीसही दिवशी तिथे असतेच, कुणीतरी तिचा पाठपुरावा करत असतं. मध्यक 5 घेऊन ‘पाच तक्रारी हाताळता येतील एवढी व्यवस्था पुरे’ असं ठरवलं, तर व्यवस्था जवळजवळ निम्मी कमी पडेल. मध्याला संख्येने गुणलं की एकूण बेरीज परत मिळते, मध्यकाला गुणून ती मिळत नाही. जिथे शेवटी बेरजेशी गाठ आहे तिथे मध्य.

उलट, तक्रार करणाऱ्याला साधारण किती थांबावं लागतं हे सांगायचं असेल तर मध्यक. पण 5 हे वचन म्हणून देता येत नाही, कारण ज्यांचं काम पाच दिवसांत झालं नाही असे चार जण याच यादीत आहेत. ‘अमुक दिवसांत काम होईल’ अशी पाटी लावायची असेल तर तिन्ही सरासऱ्या बाजूला ठेवा आणि सरळ मोजा: सात दिवसांत अकरापैकी नऊ तक्रारी मिटल्या. त्या जागी हेच वाक्य उपयोगाचं आहे.

बहुलक, म्हणजे तुमचा 3, इथे मी देणार नाही. तीन तक्रारींना तीन-तीन दिवस लागले म्हणून तो आला. त्यातली एक तक्रार तिसऱ्याऐवजी चौथ्या दिवशी मिटली असती, तर 3, 4 आणि 5 हे तिघेही दोन-दोनदा आले असते. तेव्हा `MODE` त्यातला एकच दाखवतं, बाकीचे दोन आहेत हे सांगतही नाही (सगळे बघायला `MODE.MULT` आहे). बहुलक शोभतो तो ज्यांची बेरीजच करता येत नाही अशा गोष्टींना: कुठल्या प्रकारच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात, कुठल्या मापाचे बूट जास्त खपतात.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अजून न मिटलेल्या तक्रारी या यादीत कुठे आहेत? एका कार्यालयात मला अशीच यादी मिळाली होती, त्यात चालू तक्रारींपुढे शून्य भरलेलं होतं. `AVERAGE` रिकामा रकाना सोडून देतं, पण शून्य मात्र मोजतं. तुमच्या यादीत दोन शून्यं घालून बघा: 99 भागिले 13, म्हणजे 7.6, आणि मध्यकही 5 वरून 4 वर येतो. तक्रारी रखडल्या आणि सरासरी सुधारली! रकाना रिकामा ठेवला तरी प्रश्न मिटत नाही, कारण नेमक्या सर्वांत रेंगाळलेल्या तक्रारीच हिशोबातून गळतात.

इथे मध्यक फार मदतीला येतो. समजा आणखी दोन तक्रारी आहेत, दोन्ही वीस दिवस उलटून अजून उघड्या आहेत. त्यांना शेवटी किती दिवस लागतील कुणालाच माहीत नाही, म्हणून खरा मध्य आज काढताच येत नाही. पण त्या वीसच्या पुढे जाणार हे नक्की, म्हणजे क्रमात त्यांची जागा शेवटाकडेच. एकूण तेरा झाल्या, मधला सातवा, तो आजही 5 च आहे आणि पुढेही 5 च राहील. याला मर्यादा दोन: निम्म्याहून कमी तक्रारी उघड्या असल्या पाहिजेत, आणि ज्या उघड्या आहेत त्यांनी मधला आकडा आधीच ओलांडलेला असला पाहिजे. कालच आलेली तक्रार यात बसत नाही. ती टाळायला ठरावीक तारखेआधी आलेल्या सगळ्याच तक्रारी घ्या, मिटलेल्या असोत वा नसोत.

साहेबांना विचारणं शक्य नसेल तर एका आकड्याऐवजी एवढं पाठवा, आणि कंसातली जागा तपासून भरा:

‘मिटलेल्या 11 तक्रारींना सरासरी (मध्य) 9 दिवस लागले. मधल्या तक्रारीला (मध्यक) 5 दिवस लागले. 9 तक्रारी 7 दिवसांत मिटल्या, उरलेल्या दोन तक्रारींना 19 आणि 42 दिवस लागले. आजच्या तारखेला आणखी (…) तक्रारी प्रलंबित असून त्या यात धरलेल्या नाहीत.’