भीती कोणाची, हे पडद्यावर शोधताना

“मुलगा चार वर्षांचा आहे, वाचता येत नाही. शेजारी बसून त्याच्याबरोबर टॅबलेटवर खेळतो, पण अगदी साध्या खेळातूनही तो रडत उठतो. न घाबरवणारा खेळ निवडायचा तरी कसा?”

अनेक पालकांकडून हे ऐकत आल्यामुळे त्यांपैकी एका आईचा अनुभव, ओळख पुसून, मांडते.

तिने निवडलेल्या खेळावर, खेळ कोणत्या वयासाठी योग्य हे सांगणारा युरोपातील ‘पेगी ३’ हा शिक्का होता. त्यातली चित्रे आणि आवाज लहान मुलांना घाबरवणारे नसावेत, अशी हमी तो शिक्का देतो; खेळ किती अवघड आहे किंवा त्यात वाचावे लागते का, हे तो सांगत नाही. खेळ प्राण्यांना त्यांच्या घरी पोहोचवण्याचा होता. वेळ संपत आली की वरची पट्टी लाल होऊन आखडत जाई आणि संगीत वेगवान होई. त्या क्षणी मुलाने कान झाकले.

“काय झालं रे?” मी विचारले.

“तो येतोय.”

“कोण?”

त्याने लाल पट्टीकडे बोट दाखवले.

हलणाऱ्या वस्तूला जीव असतो, असे या वयाच्या मुलांना सहज वाटते, हे बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांचे निरीक्षण मला नेहमीच उपयोगी पडते. मोठ्यांना जी उरलेली वेळ दिसते, ती त्याच्यासाठी अंगावर येणारी कुणीतरी होती. राक्षस शोधणाऱ्या पालकांच्या नजरेतून हीच जागा सुटते. सेटिंगमधून केवळ संगीत बंद केल्यावर तो पट्टीकडे चोरून पाहत खेळत राहिला. पुढे आईने वेळेचे बंधन नसलेला खेळच निवडला.

दुसरी अडचण आईच्या हातांची होती. ती प्रत्येक सूचना वाचून दाखवी आणि तो जरा थांबला की तिचे बोट पडद्यावर जाई. मी तिला हात मांडीवर ठेवून फक्त “आता काय करशील?” एवढेच विचारायला सांगितले. बराच वेळ काही घडले नाही, आणि ती शांतता सोसणे तिला मुलापेक्षा जड गेले. मग त्याने तिचे बोट धरून एका चित्रावर नेले आणि म्हणाला, “आई, तू हे दाब.” मदत कुठे हवी हे त्याचे त्याने ठरवले होते, आणि मुलाला एकट्याने न जमणारे जमावे म्हणून मोठ्यांनी द्यायच्या ज्या आधाराबद्दल मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की लिहितात, तो मला त्या बोटात दिसला.

म्हणून खेळ मुलाच्या हाती देण्यापूर्वी तो स्वतः खेळावा आणि मुद्दाम हरून पाहावे, कारण दचकवणारे आवाज व रडवेले चेहरे बहुधा हरण्याच्या क्षणीच येतात. मग मजकुराकडे दुर्लक्ष करून केवळ चित्रांवरून आणि बोललेल्या सूचनांवरून पुढे जाता येते का, हे तपासावे. इंटरनेटविना चालणारा खेळ असल्यास जोडणी बंद ठेवावी. कारण मध्येच येणाऱ्या जाहिराती कशा असतील, हे खेळ निवडून आपल्या ताब्यात येत नाही. थांबण्याची खूणही “ही दोन कोडी झाली की ठेवायचं” अशी आधी ठरवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची दिवसाची कमाल मर्यादा १ तास सांगितली आहे, आणि कमी वेळ अधिक बरा. मात्र खेळ बंद करूनही भीती झोपेत किंवा रोजच्या आवाजांत डोकावत राहिली, तर खेळ बदलून भागत नाही. तेव्हा मुलाला तज्ज्ञांना दाखवावे.