मीटिंग नऊला, पण चावी कुणाकडे?

प्रिय,

तुझा मेल वाचला. भोसरीतला कारखाना, आयएसओ ९००१ मिळाल्यानंतरचं पहिलंच सर्व्हेलन्स ऑडिट, दोन ऑडिटर, दोन दिवस. आणि ‘ओपनिंग मीटिंगचं तू बघ’ एवढं सांगून तुझे साहेब मोकळे झाले. मीटिंग अर्ध्या तासाचीच असते. पण त्यानंतरचे दोन दिवस सुरळीत जाणार की नाही, ते त्या अर्ध्या तासाआधी तू काय जुळवून ठेवलंस यावर ठरतं.

आधी तारीख. पहिलं सर्व्हेलन्स सर्टिफिकेशनचा निर्णय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत व्हावंच लागतं, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायला फार वाव नसतो. ती शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल करून तिथून मागे मोजत ये. महिन्याचे शेवटचे चार दिवस सोड, तेव्हा डिस्पॅचवाले कुणाचे नसतात. आणि गुरुवार सोड. आपल्याकडे एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हे बाहेरगावच्या ऑडिटरला कुठून माहीत असणार? मी एकदा बुधवार-गुरुवारचा प्लॅन न वाचताच ‘कन्फर्म्ड’ असं उत्तर पाठवलं होतं. बुधवारी रात्री बाबापुता करून एक लाइन चालू ठेवायला माणसं गोळा केली.

लीड ऑडिटरकडून ऑडिट प्लॅन येईल. कोणत्या वेळी कोणती प्रोसेस, कोण बघणार, असा तक्ता असतो. त्याची प्रिंट काढ आणि उजवीकडे पेनाने तीन रकाने ओढ: माणूस, कागद, दार. मग एकेक ओळ घे.

समजा ओळ आहे ‘सोमवार, ११.३० ते १.००, खरेदी’. माणूस: खरेदीचे साहेब त्या दिवशी आहेत का, की व्हेंडरकडे जाणार आहेत? नसतील तर त्यांच्या जागी खरोखर उत्तरं देऊ शकेल असा कोण? कागद: मान्य व्हेंडरची यादी, त्यांचं रेटिंग, आणि हीट ट्रीटमेंट तुम्ही बाहेर करून घेता, तर त्या लॉटची टेस्ट सर्टिफिकेटं. दार: खरेदीचं ऑफिस उघडंच असतं, पण ऑडिटर तिथून उठून इनवर्ड इन्स्पेक्शन बघायला स्टोअरमध्ये जाणार, आणि स्टोअर साडेबारा ते एक जेवणासाठी बंद. म्हणजे या ओळीत अर्धा तास कमी पडतो. हे आत्ता कळलं तर एका मेलने सुटतं.

दाराचा रकाना लोक विसरतात, मीही विसरलो होतो. एका कंपनीत माझ्या प्लॅनमध्ये कॅलिब्रेशन अडीचला होतं. गेज रूम सांभाळणारा मुलगा त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला, येणार साडेतीनला, आणि कपाटाची चावी त्याच्या खिशात. ऑडिटर शांतपणे म्हणाले, “हरकत नाही, तोवर शॉप फ्लोअर बघतो.” तिथे तिसऱ्याच मशीनपाशी त्यांना एक प्लग गेज दिसला, त्याच्या स्टिकरवरची तारीख उलटून तीन महिने झाले होते. गेज रूमच्या रजिस्टरमध्ये तो ‘स्क्रॅप’ होता. नॉन-कन्फॉर्मिटी आली ती आमच्याच चुकीने, पण तिची वाट आम्ही कुलूप लावून त्यांना दाखवली.

मीटिंगला कोण हवं? मालक किंवा प्लांट हेड, आणि प्लॅनमध्ये ज्यांच्या प्रोसेसचं नाव आहे ते प्रमुख. तुझ्याकडे हे आठ-नऊ जण होतील. अख्खं ऑफिस गोळा करू नकोस, माणसं मागे उभी राहून मोबाइल बघतात. नेतृत्वाबद्दलचे प्रश्न मालकांनाच विचारले जातात, त्यांच्या वतीने तू उत्तर देऊन चालत नाही. ते गावी असणार असतील तर ती मुलाखत कधी ठेवायची हे लीड ऑडिटरशी आधीच बोलून घे. २०१५च्या आवृत्तीत मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह हे पद सक्तीचं राहिलेलं नाही, पण निरोप कुणामार्फत जायचे तो एक माणूस मीटिंगमध्ये नाव घेऊन सांगावा. तो बहुधा तूच.

शिवाय प्रत्येक ऑडिटरबरोबर एक गाइड. तो वाट दाखवतो, माणसाची गाठ घालून देतो, सुरक्षेकडे बघतो. उत्तर तो देत नाही. ऑडिटर मराठी नसतील तर ऑपरेटरचं बोलणं हिंदीत सांगायचं कामही त्याच्याकडेच येईल, आणि तिथे ‘तो असं म्हणतोय, पण खरं म्हणजे...’ हे सुरू झालं की संपलं. म्हणून ज्याला गप्प राहता येतं असाच गाइड निवड.

कागदांचे दोन ढीग कर. पहिला मीटिंगच्या टेबलावर: सर्टिफिकेटचा स्कोप, ऑर्गनायझेशन चार्ट, मागच्या ऑडिटमधल्या नॉन-कन्फॉर्मिटी आणि त्या बंद केल्याचे पुरावे, अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यूची मिनिट्स, ग्राहकांच्या तक्रारी. यातल्या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघ. मिनिट्समध्ये ‘अंतर्गत ऑडिटच्या निकालांवर चर्चा झाली’ असं लिहिलंय आणि अंतर्गत ऑडिट त्यानंतर दहा दिवसांनी झालंय, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. तसं निघालं तर तारीख बदलू नकोस. साहेबांना आत्ताच सांग.

दुसरा ढीग जिथे आहे तिथेच राहू दे. जॉब कार्ड, इन्स्पेक्शन रिपोर्ट कॉन्फरन्स रूममध्ये आणून रचू नकोस. नमुना ऑडिटर स्वतः निवडतात. तू रचलेला गठ्ठा दिसला की ते हमखास न आणलेलं काहीतरी मागतात. तू फक्त एवढं बघ, की मागितलेली फाइल त्या विभागात पाच मिनिटांत निघते.

आता आत-बाहेर. गेटवर दोघांची नावं, लॅपटॉपची नोंद आणि सेफ्टी शूजचे नंबर आदल्या दिवशी दे. एका ग्राहकाची ड्रॉइंग गोपनीयतेच्या कराराखाली आहेत असं तू लिहिलंयस. ते मीटिंगमध्येच सांग आणि कुणाच्या परवानगीने, कशी बघता येतील तेही ठरव. दारापाशी पोचल्यावर ‘इथे नाही जाता येणार’ म्हटलं की वाटतं काहीतरी लपवताय. मोशीचं गोदाम सर्टिफिकेटवर असेल, तर प्लॅनमध्ये ते आहे का बघ. असल्यास गाडी सांगून ठेव आणि जाण्यायेण्याचा वेळ त्या ओळीत धर.

मीटिंग लीड ऑडिटर चालवतात, तू नाही. स्कोप, प्लॅन, नमुन्याची पद्धत, निष्कर्षांची वर्गवारी, गोपनीयता हे ते सांगतील. तुझ्या वाट्याला पाच मिनिटं: सायरन कसा वाजतो, असेंब्ली पॉइंट कुठे, कोणत्या शॉपमध्ये गॉगल. त्यांनी “प्लॅनमध्ये काही बदल?” असं विचारलं की स्टोअरच्या जेवणाच्या सुट्टीची ओळ पुन्हा एकदा मोठ्याने सांग, मेल केलेला असला तरी. दुसऱ्या ऑडिटरने तो वाचलेला नसतो. हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्यायला विसरू नकोस, तो कागद मागून तयार करता येत नाही.

प्लॅन आला की तीन रकाने भरून मला फोटो पाठव. दाराच्या रकान्यात ‘उघडं आहे’ असं लिहू नकोस. चावी कुणाकडे ते लिही, आणि त्याची शिफ्ट.

तुझा,
जुना साहेब