बीपीची गोळी आणि न थांबणारी ढास

"दोन महिन्यांपूर्वी बीपीची नवीन गोळी सुरू झाली. आता महिनाभर कोरडी ढास लागतेय. घशात सारखी खवखव, रात्री आडवं झालं की उबळ येते. कफ नाही, ताप नाही. दोन सिरप संपली. गोळीमुळे असेल का? चार दिवस बंद करून बघू का?"

गोळी मनाने बंद करू नका. शंका मात्र रास्त आहे. आधी स्ट्रिप उलटी करून मोठ्या ब्रँडनावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव वाचा. त्याचा शेवट 'प्रिल'ने होत असेल, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल यांपैकी काही असेल, तर ही ढास गोळीची असू शकते. एका गोळीत दोन औषधं असली तर दोन्ही नावं वाचा. अ‍ॅम्लोडिपिनच्या जोडीला कधी कधी 'प्रिल' दडलेलं असतं.

हाच प्रश्न घेऊन आलेल्या 54 वर्षांच्या एका बाईंना रॅमिप्रिल 5 मिलिग्रॅम, रोज एक, अशी गोळी होती. ती सुरू झाली जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ढास लागली महिन्याच्या शेवटी. मध्ये पाऊस सुरू झाला, त्यामुळे सगळा दोष हवेला गेला. जवळच्या दवाखान्यात सिरप झालं, पाच दिवस अँटिबायोटिक झालं, छातीचा फोटोही काढला, तो स्वच्छ आला. बीपीची गोळी देणारे डॉक्टर वेगळे आणि खोकला बघणारे वेगळे. "दुसरं काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला बाईंचं उत्तर होतं, "नाही, फक्त बीपीची रोजची." नवी गोळी आणि नवा खोकला यांची तारीख कुणी शेजारी-शेजारी मांडलीच नव्हती.

गोळी आणि खोकल्याचा संबंध असा. 'प्रिल' गोळ्या शरीरातलं एक एन्झाइम अडवतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. पण हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्यही मोडत असतं. ते मोडलं गेलं नाही की श्वासनलिकेत साठतं आणि खोकल्याच्या नसा हळव्या होतात. जंतू नाहीत, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग नाही. कफ नाही, म्हणून कफ पातळ करणारं सिरपही वाया. उलट सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत नाक मोकळं करणारा जो घटक असतो, तो बीपी वाढवू शकतो. गोळी निम्मी करूनही ही ढास सहसा जात नाही, आणि एक 'प्रिल' बदलून दुसरं घेतलं तरी बहुधा परत येते. बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. काहींना पहिल्या आठवड्यातच होतो, काहींना काही महिन्यांनी.

बाईंनी एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या: गोळीचं नाव आणि सुरू झाल्याची तारीख, ढास लागल्याची तारीख, घेतलेली औषधं, आणि घरी मोजलेलं सात दिवसांचं बीपी. मग सरळ विचारलं, "डॉक्टर, हा खोकला या गोळीचा असेल का? बदलता येईल का?" त्यांनी रॅमिप्रिल थांबवून टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम दिलं. 'सार्टन' गोळ्या वेगळ्या ठिकाणी काम करतात, त्यांच्यामुळे ब्रॅडिकायनिन साठत नाही, म्हणून खोकला क्वचितच होतो. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं.

पाचव्या दिवशी बाई वैतागल्या: "गोळी बदलली तरी खोकला तोच!" इथेच बरेच जण चुकतात. ही ढास ओसरायला साधारण एक ते चार आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. बाईंची तिसऱ्या आठवड्यात थांबली. म्हणूनच चार दिवसांच्या प्रयोगातून काहीच कळत नाही. खोकला राहतो आणि बीपी मात्र चढतं. हार्ट फेल्युअर असलेल्याला किंवा अ‍ॅटॅक येऊन गेलेल्याला तर ही गोळी नुसत्या बीपीसाठी दिलेली नसते, त्यामुळे तिथे स्वतः थांबवणं जास्त महागात पडतं.

सगळा खोकला गोळीचाच असतो असंही नाही. दोन आठवड्यांवर खोकला आणि सोबत ताप, वजन घटणं किंवा थुंकीत रक्त असेल, तर थुंकी तपासून टीबी आहे का हे बघायलाच हवं. आडवं झाल्यावर दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर हृदयाकडे बघावं लागतं. आणि ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, आवाज बदलला, तर पुढचा डोस न घेता तडक इस्पितळ गाठा. हाही याच गोळ्यांचा दुष्परिणाम आहे, विरळा, पण जिवावर बेतणारा.

खोकला गेल्यावर बाईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने एक ओळ लिहिली: 'रॅमिप्रिलने खोकला – प्रिल गोळ्या नकोत.' उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांनी एनालाप्रिल लिहिण्याआधी ती ओळ त्यांना दिसेल.