जळालेलं ड्रिल आणि वॉरंटीला 'नाही' म्हणणं

«ड्रिल मशीन सहा महिन्यांत जळून आलंय. पुट्टी ढवळायला वापरलेलं दिसतंय, पण ग्राहक म्हणतो फक्त भोकं पाडली. वॉरंटी नाही म्हणायचं आणि वर दुरुस्तीचे पैसे मागायचे, हे सांगू कसं?»

सांगण्याआधी तुमची स्वतःची खात्री झाली आहे का ते बघा. 'पुट्टी दिसतेय' एवढ्यावर क्लेम नाकारू नका. छताला भोकं पाडणाऱ्याच्या मशीनमध्येही पांढरी धूळ भरतेच, आणि ते तर मशीनचं कामच आहे. फरक असा की भोकाची धूळ सुटी असते, फुंकली की उडते. पुट्टीचे शिंतोडे ओले उडून वाळलेले असतात. ते चकच्या खाचांत आणि गिअर बॉक्सच्या तोंडाशी बसतात, आणि नखाने खरवडावे लागतात.

खरा पुरावा वाइंडिंगमध्ये असतो. या मोटरीत फील्ड आणि आर्मेचर सिरीजमध्ये असतात, म्हणजे दोन्हींतून तोच करंट जातो. मशीनवर झेपेना एवढा भार पडला की दोन्ही तापतात आणि दोन्हींचं वार्निश सगळीकडून सारखं काळं पडतं. मूळचा दोष असेल, समजा एखाद्या कॉइलचे वेढे आतून शॉर्ट होते, तर तेवढीच कॉइल जळते, कम्युटेटरच्या एक-दोन पट्ट्या काळ्या पडतात आणि बाकीचं तांबं बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. पण शॉर्ट झालेलं मशीन तसंच रेटत चालवलं तर शेवटी सगळंच काळं होतं, मग मूळ कारण कळत नाही. अशा वेळी, आणि शिंतोडेही नसतील तर, मी क्लेम मंजूर करतो. आपल्याला सिद्ध करता येत नाही त्याचा भुर्दंड ग्राहकाला का?

तुमच्या मशीनमध्ये शिंतोडेही आहेत आणि दोन्ही वाइंडिंग सारखी काळी आहेत असं धरतो. मग मशीन ग्राहकासमोर उघडा. मी शेजारी एक चांगलं आर्मेचर ठेवतो आणि काही न बोलता दोन्ही हातात देतो. जळक्या वार्निशचा वास त्यालाही येतो. 'तुम्ही चुकीचं वापरलंत' हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. ते ऐकलं की माणूस मशीन सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. बऱ्याचदा मशीन कामगाराच्या हातात असतं आणि मालकाला खरंच माहीत नसतं. त्यापेक्षा मशीनचं काय झालं ते सांगा. गार करणारा पंखा आर्मेचरच्याच शाफ्टवर असतो. पुट्टीत पॅडल घातलं की फेरे मंदावतात, करंट वाढतो आणि नेमका तेव्हाच वारा कमी पडतो. भोक पाडणं थोडा वेळ चालतं, ढवळणं मात्र सलग.

आणि जे वॉरंटीत बसतं ते न मागता द्या. मागे माझ्याकडे असंच एक मशीन आलं होतं. त्याच्या स्विचचं लॉक बटण पहिल्या आठवड्यापासूनच अडकत नव्हतं, त्याचा जळण्याशी काही संबंध नव्हता. स्विच फुकट बदलला. त्या ग्राहकाचा आवाज तिथेच खाली आला. त्याला दिलेला कागद साधारण असा होता:

«मशीन आपल्यासमोर उघडून तपासले. आर्मेचर व फील्ड कॉइल दोन्ही सर्व बाजूंनी सारखे काळे पडले आहेत, चकवर वाळलेले मिश्रण आहे. हे अतिभाराचे लक्षण आहे आणि वॉरंटी कार्डानुसार अतिभाराने झालेले नुकसान मोफत दुरुस्तीत येत नाही. स्विचचा दोष वेगळा असल्याने तो वॉरंटीत बदलला आहे. आर्मेचर, फील्ड, कार्बन ब्रश व मजुरीचा खर्च सोबत वेगवेगळा लिहिला आहे. आपली संमती मिळाल्यावरच काम सुरू करू. काढलेले सुटे भाग परत मिळतील.»

'वॉरंटी कार्डानुसार' असं लिहिताना कार्डातलं कलम खरंच वाचा. अतिभाराचा उल्लेखच नसेल तर आधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

खर्च सांगताना एक मोह टाळा. रक्कम कमी दिसावी म्हणून फक्त आर्मेचर बदलून देऊ नका. काळं पडलेलं फील्ड आज चालतं, पण त्याचं इन्सुलेशन गेलेलं असतं, आणि ते शॉर्ट झालं की नवं आर्मेचरही जातं. मग तो माणूस तुमच्याच दारात उभा, आणि या वेळी चूक तुमची. दुरुस्तीचा आकडा नव्या मशीनच्या जवळ जात असेल तर तसंही सरळ सांगा. नको म्हणाला तर मशीन नीट जोडून परत करा, डब्यात सुटे तुकडे भरून नव्हे. तपासणीचे पैसे घेणार असाल तर ते उघडण्याआधीच सांगितलेले असावेत.

दुरुस्त केलंत तर देताना विचारा, पुढेही पुट्टी ढवळायची आहे का. हो म्हणाला तर कमी फेऱ्यांचं, दोन हातांनी धरायचं मिक्सर मशीन दाखवा. नाहीतर नवं वाइंडिंगही त्याच बादलीत जळेल.